आकड्यापुढे वेळ लिहा

मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात एक तक्ता मिळतो. पाण्याचे तापमान २५ ते ३२ अंश सेल्सिअस, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर, सामू ७ ते ८.५, अमोनिया शक्य तितका कमी. कटला, रोहू आणि मृगळ यांना गोड्या पाण्यात काय मानवते हे त्यात थोडक्यात आलेले असते. तक्ता बरोबर आहे आणि तो पाठ असायला हवा. तरीही तो हातात घेऊन सकाळी अकरा वाजता तळ्यावर गेलेल्या माणसाला सगळे आकडे उत्तम मिळतात, आणि त्याच तळ्यातली मासळी दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडते, असे होऊ शकते. आकडे खोटे नसतात. ते अकरा वाजताचे असतात.

तळ्यातल्या पाण्याची गुणवत्ता चोवीस तासांत वर-खाली होत असते. तिचे घटक वेगवेगळ्या ओळींत छापले जात असले, तरी पाण्यात ते एकमेकांना बांधलेले असतात. प्राणवायू वाढतो तेव्हा सामूही वाढतो, आणि सामू वाढला की तोच अमोनिया अधिक विषारी होतो. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ही साखळी समजून घ्यावी आणि मग एकेका घटकाच्या तपशिलात शिरावे, यासाठी ही प्रस्तावना आहे. उदाहरणे धाराशिव जिल्ह्याची घेतली आहेत, कारण तिथले शेततळे ही साखळी फार स्पष्टपणे दाखवते.

धाराशिवमध्ये मोठे पाणीही आहे. परंड्याकडे सीना-कोळेगाव, माकणीला निम्न तेरणा, नळदुर्गजवळ बोरी. मोठ्या जलाशयात वारा पाणी ढवळत राहतो आणि प्रचंड पाणसाठ्यामुळे बदल सावकाश होतात. शेततळे लहान आणि बंद असते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. शेततळ्याचा नेहमीचा मोठा आकार ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा असतो. बाजूंना एकास एक उतार धरला तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. अनेक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते आणि ती पावसाळ्यात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून घेतली जातात. पाणी मुळात द्राक्षासाठी, फळबागेसाठी किंवा भाजीपाल्यासाठी साठवलेले असते, मासे हा जोडधंदा असतो. त्यामुळे उन्हाळ्यात मासळी मोठी होत जाते आणि पाणी मात्र पिकाकडे जाते. कमी होत जाणाऱ्या पाण्यात वाढत जाणारे मासे, ही इथल्या तळ्याची मूळ स्थिती आहे.

प्राणवायूची रात्र

तळ्यातला प्राणवायू थोडासा हवेतून येतो, पण त्याचा मोठा वाटा पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींकडून, म्हणजे वनस्पती प्लवंगाकडून येतो. ऊन असेपर्यंत हे प्लवंग प्राणवायू तयार करते. दुपारी तीन-चारच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. रात्रीच्या या खर्चात माशांचा वाटा लहान असतो, हे नव्या विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते. सर्वांत जास्त प्राणवायू खुद्द प्लवंग आणि तळाच्या गाळातले जिवाणू वापरतात. म्हणून दिवसा सर्वांत समृद्ध दिसणारे गर्द हिरवे तळेच पहाटे सर्वांत आधी अडचणीत येते.

पाण्यात प्राणवायू किती मावतो यालाही मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात संपृक्ततेला लिटरमध्ये साधारण ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तिथे कमी असल्याने हाच आकडा सातच्या आसपास येतो. प्राणवायू मापक यंत्राला ही उंची सांगितली नाही, तर ते दिवसभर चुकीचा आकडा दाखवत राहते. भर दुपारी हिरव्या तळ्यात १० किंवा १२ मिलिग्रॅमचे वाचन आले तर यंत्र बिघडले असे समजू नये. प्लवंगाने संपृक्ततेपेक्षा जास्त प्राणवायू पाण्यात सोडलेला असतो. हा जादा साठा टिकाऊ नसतो. काही हवेत निघून जातो आणि उरलेला रात्री खर्ची पडतो.

यंत्र असले तरी विंकलरची पद्धत हाताने एकदा करून पाहावी. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ साली मांडली आणि आजही यंत्र खरे बोलते का हे ताडून पाहायला तीच वापरतात. घट्ट काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली हळूच भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून बाटली उलटसुलट केली की पाण्यात साका धरतो. साका तपकिरी असेल तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. म्हणजे अंदाज तळ्याच्या काठावरच येतो. पुढे गंधकाम्लाने साका विरघळवायचा, त्यातले २०० मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करायचे. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा आणि निळा रंग पूर्ण जाईपर्यंत थेंब थेंब सोडत राहायचे. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले, तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये.

आता या मापनातून पहाटेचा अंदाज कसा काढायचा ते पाहू. समजा ऑगस्टमधला उघडिपीचा दिवस आहे. संध्याकाळी सात वाजता मध्यम खोलीवर प्राणवायू १० मिलिग्रॅम मिळाला आणि रात्री नऊ वाजता ८.६. दोन तासांत १.४ कमी झाला, म्हणजे तासाला ०.७. नऊपासून पहाटे पाचपर्यंत आठ तास आहेत. तेवढ्या वेळात ५.६ मिलिग्रॅम जाईल आणि सुमारे ३ उरेल. मासे अस्वस्थ होतील, वाढ मंदावेल, पण जगतील. त्याच तळ्यावर दोन-तीन दिवस ढगाळ गेले तर प्लवंगाला पुरेसे ऊन मिळत नाही आणि संध्याकाळची सुरुवातच ६.५ ने होते. खर्चाचा वेग तोच धरला तर नऊ वाजता ५.१ आणि पहाटे तीनच्या सुमारास १ मिलिग्रॅमच्या खाली. पाचपर्यंत हिशोब शून्याखाली जातो. ही मासळी पहाटेच्या आधीच वर येणार.

कागदावर दोन बिंदू जोडून काढलेली सरळ रेषा एवढेच याचे साधन आहे. तिला मर्यादा आहेत. प्राणवायू संपृक्ततेखाली गेला की हवेतून थोडा आत येतो, आणि फार कमी झाला की खर्चाचा वेगही मंदावतो. त्यामुळे प्रत्यक्षातली घट रेषेपेक्षा बहुधा थोडी सौम्य असते. धोक्याचा इशारा द्यायला असा कल असणे चांगलेच. रात्री नऊला इशारा मिळाला तर पंप लावून पाणी फवारता येते, वायुवीजन यंत्र सुरू करता येते, सकाळचे खाद्य थांबवता येते. बोअरचे पाणी सोडायचे असेल तर ते उंचावरून, फवाऱ्याच्या रूपात पडले पाहिजे. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ते नळीने तळाशी सोडले तर मदत होत नाही.

प्लवंग किती दाट आहे हे सेक्कीच्या तबकडीने कळते. काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली ही तबकडी साधारण २० सेंटिमीटर व्यासाची असते. दोरीने खाली सोडताना ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते, ती पारदर्शकता. हिरव्या पाण्यात २५ ते ४० सेंटिमीटर ठीक, २० च्या खाली गेली तर रात्रीचा हिशोब करायलाच हवा. पण पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा लोंढा आत आला असेल तर तबकडी १० सेंटिमीटरवरही दिसेनाशी होते, आणि त्या पाण्यात प्लवंग जवळपास नसते. आकडा सारखाच असला तरी अर्थ उलटा. म्हणून पारदर्शकतेच्या आकड्याशेजारी पाण्याचा रंग लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

सामू आणि बेसाल्टचे पाणी

प्राणवायूच्या उलट चालणारा घटक कार्बन डायऑक्साइड. दिवसा प्लवंग तो वापरते, रात्री सगळेच सजीव तो सोडतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी असल्याने तो कमी झाला की सामू चढतो आणि साठला की उतरतो. म्हणून एकाच तळ्याचा सामू पहाटे ७.५ आणि दुपारी ९ असू शकतो. यातला कुठलाही एक आकडा घेऊन ‘तळ्याचा सामू’ असे लिहिणे अपुरे आहे.

हा चढउतार किती तीव्र होईल हे विम्लतेवर ठरते. प्रयोगशाळेत सगळे तिला अल्कलिनिटीच म्हणतात. ती म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेटची, आम्ल पचवण्याची ताकद, आणि ती कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिहितात. लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी विम्लतेचे पाणी सामू सांभाळू शकत नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत ही अडचण खरी आहे, आणि तळे तयार करताना हेक्टरी अमुक किलो चुना टाका, हा पाठ्यपुस्तकातला सल्ला अशा आम्लधर्मी जमिनीसाठी मोलाचा आहे. धाराशिव जिल्हा बेसाल्टवर वसलेला आहे. इथल्या विहिरींचे पाणी खडकातल्या फटींमधून मुरत येते आणि बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येते. त्याची विम्लता २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि पुढेही असू शकते. अशा पाण्यात आधी मोजमाप न करता ठरल्याप्रमाणे चुना टाकणे म्हणजे जे भरपूर आहे त्यातच भर घालणे. रिकाम्या तळ्याचा तळ निर्जंतुक करण्यासाठी चुना वापरणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे कारणही वेगळे आहे.

जास्त विम्लतेच्या पाण्याचा स्वभाव प्रत्यक्ष पाहता येतो. तळ्याचे पाणी एका परीक्षानळीत सकाळी सातला घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. पाणी रंगहीन राहते. दुपारी तीनला त्याच जागेचे पाणी घेऊन तेच करा, ते गुलाबी होते. सामू ८.३ च्या पुढे गेल्याची ही खूण. त्याच सुमारास बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्शियमशी मिळून त्याचा पांढरा थर बसू लागतो. अस्तराच्या काठावर किंवा पाइपच्या तोंडाशी दिसणारी पांढरी खरपुडी बहुधा तीच असते. या पाण्यात टाकलेल्या सुपर फॉस्फेटमधला काही फॉस्फरसही कॅल्शियमसोबत असाच खाली बसतो आणि प्लवंगाला मिळत नाही. खत टाकूनही पाणी हिरवे होत नाही, अशी तक्रार ऐकली की आधी विम्लता आणि काठिण्य तपासावे.

अमोनिया, म्हणजे दुपारचा प्रश्न

माशांच्या खाद्यातल्या प्रथिनांचा मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात परत येतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात. एक अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. आपल्या चाचणीसंचात येतो तो दोन्हींचा मिळून एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. पाणी ३० अंशांवर असताना सामू ७.५ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अडीच टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच सुमारे ४५ टक्के होतो.

आता आपल्या शेततळ्याचा हिशोब करू. तळ्यात सरासरी पाव किलोचे एक हजार मासे आहेत, म्हणजे २५० किलो मासळी. वजनाच्या दोन टक्के या हिशोबाने रोज ५ किलो खाद्य दिले जाते आणि त्यात २८ टक्के प्रथिने आहेत. प्रथिनांत १६ टक्के नत्र धरले तर रोज सुमारे २२५ ग्रॅम नत्र तळ्यात पडते. त्यातला साधारण तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास नत्र पाण्यात येते. तळे भरलेले असताना, २,२०० घनमीटर पाण्यात, ही रोजची भर लिटरला ०.०७ मिलिग्रॅम इतकीच आहे आणि प्लवंग ती सहज शोषून घेते. एप्रिलमध्ये बागेला पाणी देऊन आणि बाष्पीभवन होऊन तळ्यात एक मीटर पाणी उरले, तर उताराच्या बाजूंमुळे साठा फक्त ६२५ घनमीटर राहतो. खोली एक तृतीयांश झाली, पाणी मात्र त्याहूनही कमी राहिले. खाद्य तेच असेल तर रोजची भर जवळजवळ ०.२४ मिलिग्रॅम होते.

प्लवंग जोमात असेल तर ही भरही पेलली जाते. ते अचानक मेले, पाण्याचा हिरवा रंग तपकिरी किंवा राखाडी झाला, तर चार दिवसांत एकूण अमोनिया १ मिलिग्रॅमवर पोचू शकतो. नंतर प्लवंग पुन्हा वाढू लागले आणि दुपारचा सामू ९ ला टेकला, की विषारी अमोनिया ०.४५ मिलिग्रॅम होतो. कार्प माशांसाठी तो दीर्घकाळ ०.०५ च्या खाली असावा असे मानतात. त्याच तळ्याचे पाणी सकाळी सात वाजता तपासले, सामू ७.५ असताना, तर विषारी भाग ०.०२५ भरेल आणि सगळे ठीक आहे असा निष्कर्ष निघेल. प्राणवायूसाठी पहाट ही कसोटीची वेळ, तर अमोनियासाठी दुपार.

यातूनच निदानाची रीत मिळते. मासळी पहाटे वर येते, मोठे मासे आधी तोंड काढतात, ऊन चढले की परत खाली जातात, तर कारण प्राणवायू. मासळी दुपारी किंवा संध्याकाळी सुस्त होते, खाद्य सोडते, आणि पाणी फवारूनही फरक पडत नाही, तर अमोनिया मोजावा. पहाटे मासळी वर आलेली पाहून घाईने चुना टाकण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला थांबवावे. चुन्याने प्राणवायू वाढत नाही. सामू वाढतो, आणि पाण्यात अमोनिया असेल तर त्याचा विषारी भाग त्याबरोबर वाढतो.

वळवाचा पाऊस

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या दैनिक चक्राला एक वेगळे वळण मिळते. मार्च ते मे या काळात, ज्या तळ्यात अजून दोन-अडीच मीटर पाणी आहे तिथे, वरचा थर तापतो आणि हलका होऊन वरच राहतो. खालचा थर थंड आणि जड. वारा पडलेला असेल तर दोन्ही थर मिसळत नाहीत. प्रकाश खाली पोचत नसल्याने तळाजवळ प्राणवायू तयार होत नाही, विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून आहे तोही संपतो, आणि तिथे अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड साठतात. वरून घेतलेला नमुना मात्र चांगलाच येतो. मग एखाद्या संध्याकाळी वादळी वारा सुटतो, वळीव कोसळतो, गारठलेले पाणी वरून पडते आणि दोन्ही थर एकत्र होतात. प्राणवायूविना असलेले पाणी सगळ्या तळ्यात पसरते, आणि पुढे रात्रच असते. वळवानंतर सकाळी मेलेली मासळी दिसली की विजेला किंवा विषाला दोष दिला जातो. खरे कारण आधल्या दुपारी वर आणि तळाशी, अशा दोन खोलींवर तापमान व प्राणवायू मोजला असता तर दिसले असते. दोन खोलींच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक दिसू लागला की पंपाने तळाचे पाणी थोडे थोडे, भर दिवसा वर फवारत राहावे. थर मोडण्याचे काम पावसावर सोडू नये.

अभ्यासाची सुरुवात

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबन कमी होत गेले आणि नदीपासून दूरच्या तळ्यातही मत्स्यबीज सोडता येऊ लागले. बीज मिळण्याचा प्रश्न सुटला तसा एका तळ्यात किती मासे पोसता येतील हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर पाण्यात आहे. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून किंवा इतर कुठूनही या भागात काम करायला येणाऱ्या विद्यार्थ्याने पहिले काम म्हणून एका शेततळ्यावर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र घालवावी. दर तीन तासांनी, पृष्ठभागाजवळ आणि तळापासून अर्धा मीटर वर, तापमान, प्राणवायू आणि सामू मोजावा. एकूण अमोनिया पहाटे आणि दुपारी असा दोनदा, विम्लता आणि पारदर्शकता एकेकदाच पुरेशी. वहीत प्रत्येक आकड्याआधी वेळ, मग खोली, मग आकाश कसे होते ते लिहावे. मिळालेल्या नोंदींचा आलेख काढावा.

एवढे केल्यावर पुस्तकातली पुढची प्रकरणे वेगळी वाचता येतील. नायट्राइट, काठिण्य, क्षारता, गाळाचे रसायन हे सगळे विषय या आलेखातल्या एखाद्या चढाचे किंवा उताराचे कारण म्हणून समोर येतील. आणि कोणी शेतकरी संध्याकाळी फोन करून आज रात्री पंप लावू का असे विचारेल, तेव्हा त्याला सात आणि नऊ वाजताची दोन वाचने मागा. नऊ वाजून पाच मिनिटांनी तुम्ही त्याला हो किंवा नाही असे स्पष्ट सांगू शकाल, आणि का ते आकड्यांनिशी दाखवूही शकाल.